गिझरचा काटा कमी करायचा का टायमर लावायचा? युनिट नक्की कुठं जातात?

कळंब्याची_मृणाल
नमस्कार मंडळी. कळंबा रोडला फ्लॅट, घरात आम्ही चौघं. सासूबाई, नवरा, दहावीतली मुलगी आणि मी. गिझर २५ लिटरचा, २००० वॅटचा, नऊ वर्षं झाली. उन्हाळ्यात आमचं बिल २१० युनिटच्या आसपास असतं, यावेळी थंडीत ३१८ आलं. एसी नाही आमच्याकडं, वाढलंय ते गिझरनंच हे उघड आहे. रोजचं असं की सकाळी साडेपाचला सासूबाई गिझर लावतात, सहाला त्यांची आंघोळ, पावणेसातला नवऱ्याची, सव्वासातला मुलीची, आणि सगळ्यांचे डबे झाल्यावर पावणेनऊला माझी, माझं डोक्यावरून असतं तेव्हा दीड बादली लागते. मग दहाच्या सुमाराला कुणाच्या तरी लक्षात येतं आणि बंद होतो. संध्याकाळी परत सहा ते दहा, तोंड धुवायला आणि भांड्यांना.

नवरा म्हणतो टायमर लावू, भाऊ म्हणतो आतला थर्मोस्टॅट कमी कर, टायमरची गरजच नाही. दोन्हीपैकी कशानं खरंच युनिट कमी होतात आणि किती? कुणी मोजून बघितलंय का? अंदाज नको, अंदाज घरात भरपूर आहेत.

मंगळवारपेठ_पैलवान
ताई गिझर बंदच करू नका. चोवीस तास चालू ठेवा. थर्मोस्टॅट आहे की आत, पाणी तापलं की आपोआप बंद पडतं. गार पाण्यापासून तापवायलाच करंट जास्त खातो, जसं गाडी सारखी बंद चालू केली की पेट्रोल जास्त जातं तसं. आमच्यात तालमीत पोरं दिवसभर कधीपण येतात म्हणून कायम चालूच असतो, काय फरक पडत नाही.

शाहूपुरी_सीए
बिलाचं एक सांगतो, ३०० च्या वर गेलात की सगळ्या युनिटना वरचा दर लागतो, म्हणून ३१८ चे २९९ केले तरी बिल एकदम खाली येईल. तेवढं टार्गेट ठेवा.

उद्यमनगर_कॉईलवाला
वरचं दुरुस्त करतो. घरगुती दर टप्प्याटप्प्यानं लागतो. पहिल्या १०० ना एक, १०१ ते ३०० ला दुसरा, आणि ३०० च्या वरच्या फक्त १८ युनिटनाच तिसरा दर. त्यामुळं २९९ वर काही जादू होत नाही, वाचलेलं प्रत्येक युनिट आपापल्या टप्प्याच्या दरानं वाचतं, आणि वरचं महाग युनिट आधी वाचतं हे मात्र खरं.

आता गिझरचं. मी बावीस वर्षं कॉईल आणि थर्मोस्टॅटची कामं करतोय. ताई, तुम्ही म्हणालात अंदाज नको, तर मोजायला काही विकत आणू नका. गिझरवर दोन दिवे असतात बघा, एक स्विच लावला की कायम जळतो, दुसरा फक्त कॉईल चालू असताना जळतो. काही गिझरना एकच दिवा असतो, तो पाणी तापलं की विझतो. तुमची कॉईल २००० वॅटची, म्हणजे तो दिवा तीस मिनिटं जळला की एक युनिट गेलं. गिझरचा स्विच किती तास चालू होता ह्याला काही अर्थ नाही, दिवा किती मिनिटं जळला एवढंच खरं. एक अख्खा दिवस कागद घेऊन लिहा, दिवा कधी लागला कधी विझला, आणि मधे कोण आंघोळीला गेलं. मग बोलू.

फुलेवाडी_संदीप
आमच्या इथं व्होल्टेज संध्याकाळी २००-२१० ला येतं, तिथं पण तीस मिनिटांचं एक युनिट धरायचं का?

उद्यमनगर_कॉईलवाला
चांगलं विचारलंस. नाही. २३० ला २००० वॅट देणारी कॉईल २१० ला साधारण १६७० वॅटच देते, मग एक युनिट जायला ३६ मिनिटं लागतात. पाणी तापायला वेळ जास्त लागतो पण युनिट तेवढंच जातं, नुकसान काही नाही.

कळंब्याची_मृणाल
रविवारी बसले लिहायला, मुलीनं मदत केली, तिला फिजिक्सच्या प्रोजेक्टसारखं वाटलं. आमचं व्होल्टेज बऱ्यापैकी २२५-२३० असतं.

साडेपाचला लावला तेव्हा पाणी पूर्ण गार नव्हतं, आदल्या रात्रीची ऊब होती, त्यामुळं पाच चोपन्नला दिवा विझला. मग सासूबाईंच्या आंघोळीनंतर लागला, नवऱ्याच्या नंतर लागला, मुलीच्या नंतर लागला. मधे एकदा कुणीही नळ न सोडता आपोआप लागला आणि दोनेक मिनिटांत विझला. आणि एक गोष्ट बघून मला खरंच वाईट वाटलं. मी पावणेनऊला आंघोळ करून आले, केस पुसतेय, आणि दिवा चालूच. चोवीस मिनिटं जळला तो, माझ्यानंतर घरात आंघोळीला कुणीच नव्हतं!! सकाळचे सगळे मिळून ८८ मिनिटं, संध्याकाळचे ३२. एकूण १२० म्हणजे दिवसाला ४ युनिट. महिन्याला १२०. वाढलेलं सगळं बिल इथंच आहे की.

उद्यमनगर_कॉईलवाला
झकास काम केलंत. तुमच्या कागदावर सगळं उत्तर आलंय, आता मी फक्त वाचून दाखवतो.

आधी गरज किती ते बघू. थंडीत आपल्याकडं टाकीतलं पाणी २० अंशाच्या आसपास असतं. २० लिटरची बादली ४२ अंशाला न्यायची तर साधारण अर्धं युनिट जातं, म्हणजे तुमच्या दिव्याची पंधरा मिनिटं. तुमच्या घरात साडेचार बादल्या, म्हणजे ६८ मिनिटं. संध्याकाळचं तोंड धुणं भांडी दहा मिनिटं धरा. झाली ७८. जळला १२०. मधली ४२ मिनिटं, म्हणजे जवळजवळ दीड युनिट रोज, कुणाच्याही अंगावर पडलेलं नाही.

आता तुमच्या भावाचं म्हणणं. थर्मोस्टॅट कमी केला की युनिट वाचतात, हे अर्धं बरोबर आहे. लोकांना वाटतं ७५ ऐवजी ६० ला ठेवलं म्हणजे बादलीमागं कमी वीज. तसं होत नाही. टाकीत ७५ चं असलं तर तुम्ही त्यातलं थोडं घेता आणि गार जास्त मिसळता, ६० चं असलं तर गरम जास्त आणि गार कमी. बादलीत शेवटी ४२ चंच पाणी येतं, तिच्यात गेलेली ऊष्णता तीच. म्हणजे आंघोळीची ६८ मिनिटं काट्यानं कमी होणारच नाहीत. काट्यानं कमी होते ती फक्त गळती, म्हणजे टाकीच्या पत्र्यातून आणि पाइपातून जी ऊब बाहेर जाते ती. मधे कुणी नळ न सोडता दिवा लागला म्हणालात ना, ती गळती. बाथरूमची हवा २५ अंश असेल तर ७५ च्या टाकीला ५० चा फरक, ६० च्या टाकीला ३५ चा. गळती ह्या फरकाच्या प्रमाणात चालते. म्हणजे काटा ७५ वरून ६० ला आणला तर गळती शंभराची सत्तर होते.

पैलवान, तुमचं गाडीचं उदाहरण इथं लागू नाही. भोक पडलेली घागर घ्या. ती दिवसभर काठोकाठ भरून ठेवायची तर दिवसभर ओतत राहावं लागतं, आणि घागर जेवढी भरलेली तेवढी धार जोरात. रिकामी होऊ दिली आणि पाहिजे तेव्हाच भरली तर एकूण कमीच ओतावं लागतं. गिझरचं डिट्टो तेच. पण एक मानतो, तालमीत दर तासाला कुणीतरी आंघोळ करत असेल तर टायमरनं तुम्हाला फार फायदा नाही, कारण तुमचं पाणी टाकीत थांबतच नाही.

मंगळवारपेठ_पैलवान
घागरीचं पटलं. पण रात्री अकरा ते पहाटे चार कुणी नसतं तालमीत, तेवढं तरी बंद करतो.

प्रतिभानगर_आजोबा
आमच्या वेळी बंब होता तांब्याचा. चार ढलप्या आणि नारळाच्या करवंट्या घातल्या की सगळ्या घराच्या आंघोळी व्हायच्या, आणि शेवटच्या माणसाच्या वेळी कुणी नवीन लाकूड घालत नसे. निखाऱ्यावर त्याचं पाणी व्हायचं. सूनबाई, गिझरमध्ये असं करता येत नाही का, शेवटच्याला निखाऱ्यावर?

उद्यमनगर_कॉईलवाला
काका, मी एवढं लांबलचक लिहून जे सांगायला निघालो होतो ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. तेच करायचंय!

गिझरमध्ये गार पाणी खालून येतं आणि गरम वरून बाहेर जातं. गरम हलकं म्हणून वरच राहतं. त्यामुळं बंद केलेल्या गिझरमधून पण वरचं गरम पाणी बऱ्यापैकी शेवटपर्यंत मिळतं. २५ लिटरची टाकी ६० ला भरलेली असेल तर हिशेबानं सव्वादोन बादल्या निघतात, प्रत्यक्षात खालचं गार थोडं मिसळतंच, म्हणून पावणेदोन धरा. तर शेवटचा माणूस आंघोळीला जायच्या आधी गिझर बंद झाला पाहिजे. टाकी भरलेली, स्विच बंद, आणि शेवटची आंघोळ निखाऱ्यावर. मग ताईंची ती चोवीस मिनिटं जळणारच नाहीत.

पण प्रामाणिकपणे सांगतो, ती चोवीस मिनिटं पूर्ण वाचली असं समजू नका. ती ऊब टाकीत राहते आणि त्यातली काही दुसऱ्या दिवशी कामाला येते. तुमच्या नऊ वर्षं जुन्या टाकीत वीस तासांनी निम्मी राहत असेल. म्हणून तर साडेपाचला पाणी पूर्ण गार नव्हतं. निम्मं वाचतं, निम्मं फक्त पुढं ढकललं जातं.

राजारामपुरी_सोलर
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमच्या गच्चीवर सोलर आहे १५० लिटरचा, आणि टाकीत बॅकअपला कॉईल. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कॉईल रात्रभर चालू ठेवतो, तर पावसाळ्यात बिल उन्हाळ्यापेक्षा जास्त येतं. सोलर घेऊन काय उपयोग झाला मग? त्या कॉईलला पण थर्मोस्टॅट आहे.

उद्यमनगर_कॉईलवाला
साहेब इथं वेळ चुकतीय. रात्री कॉईलनं १५० लिटर तापवून ठेवलं, सकाळी दोनचार बादल्या गेल्या, उरलेलं शंभर लिटर गरमच. मग दहा वाजता ऊन आलं तर सूर्यानं तापवायचं काय? टाकी आधीच भरलेली आहे. पावसाळ्यात पण कोल्हापुरात चार दिवस उघडीप असते, ते ऊन फुकट जातं. कॉईल दुपारी संध्याकाळी रात्री पूर्ण बंद ठेवा. पहाटे नळाला हात लावून बघा, कोमट असेल तरच तासभर लावा. टाकीत कॉईल अर्ध्या उंचीवर असेल तर फक्त वरचं पाणी तापतं, तळाला असेल तर सगळं तापवत बसते, ते एकदा बसवणाऱ्याकडून विचारून घ्या.

शिरोली_सेकंडशिफ्ट
टायमरबद्दल माझी हकीकत सांगतो, सावध करायला. मोबाईलवरून चालणारा स्मार्ट प्लग ऑनलाइन घेतला, घाईत दहा अँपिअरचा घेतला. आमचा गिझर ३००० वॅटचा. पहिले पंधरा दिवस मस्त चाललं. एक दिवस बाथरूमजवळ करपल्याचा वास यायला लागला, बघतो तर प्लगची एक पिन तपकिरी झालेली आणि सॉकेटचं प्लास्टिक वितळून पिनेला चिकटलेलं. बायको म्हणाली वास दोन दिवस येत होता, तिला वाटलं शेजारून येतोय. घरात लहान पोरगं आहे. त्या दिवशी मी हादरलो खरंच. कुणी असला प्लग गिझरला लावू नका.

उद्यमनगर_कॉईलवाला
देवाची कृपा म्हणा. ३००० वॅट म्हणजे तेरा अँपिअर, आणि ते एक दोन सेकंद नव्हे, अर्धा अर्धा तास सलग. २००० वॅटला साधारण पावणेनऊ. दहाचा प्लग कागदावर २००० ला चालतो असं दिसतं पण मी लावणार नाही. २००० ला सोळा अँपिअरचा प्लग आणि घट्ट बसणारं मोठं सॉकेट, ३००० ला मात्र प्लग नकोच. डीबी बॉक्समध्ये एमसीबीशेजारी बसणारा टायमर मिळतो, तो छोट्या काँटॅक्टरला, म्हणजे मोठा करंट झेलणाऱ्या स्विचला जोडायचा आणि गिझरचा भार काँटॅक्टरवर. लक्ष्मीपुरीत इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन्ही मिळतात, पण बसवायला वायरमनच पाहिजे. आणि पहिले आठ दिवस रोज, गिझर वीस मिनिटं चालला की स्विच बंद करून सॉकेटला हात लावा. कोमट चालेल. हात ठेवला की चटका बसतो म्हणजे पिन ढिली आहे.

फुलेवाडी_संदीप
चाकीवाला टायमर स्वस्त आहे, खुट्ट्या दाबून वेळ सेट करायचा तो. तो चालेल का?

शिरोली_सेकंडशिफ्ट
माझ्या भावाकडं आहे. लाइट गेली की त्याचं घड्याळपण थांबतं. चाळीस मिनिटं लाइट गेली की दुसऱ्या दिवसापासून गिझर चाळीस मिनिटं उशिरा. पावसाळ्यात तर रोज घड्याळ लावायला लागतं.

उद्यमनगर_कॉईलवाला
बरोबर. आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या, वेळ चुकत नाही. आणि स्मार्ट प्लगवाल्यांनी सेटिंगमध्ये जाऊन बघा, लाइट जाऊन आली की प्लग चालू राहणार का बंद, ते निवडायला असतं. बंद निवडा. नाहीतर दुपारी लाइट येते, प्लग चालू होतो आणि घरात कुणी नसताना टाकी तापत बसते.

कळंब्याची_मृणाल
आता थर्मोस्टॅटचं सांगा. आमच्या गिझरला बाहेर नॉब नाही.

उद्यमनगर_कॉईलवाला
जुन्यांना आतच असतो. आधी एमसीबी पाडा, नुसता स्विच नाही, कारण स्विच न्यूट्रलवर जोडलेला असला तर बंद असूनही आत करंट असतो. असं जोडलेलं मी आठवड्यातून एकदा तरी बघतो. मग खालच्या झाकणाचे दोन तीन स्क्रू काढले की गोल प्लास्टिकचं डोकं दिसेल, त्यावर आकडे किंवा बाण आणि मधे स्क्रूड्रायव्हरची खाच. बहुतेक ७५ ला नाहीतर शेवटापर्यंत फिरवलेला असतो. तो ६० ला आणायचा. टेस्टरनं आधी तपासा, आणि हात घालायची खात्री नसेल तर वायरमनला बोलवा, दहा मिनिटांचं काम आहे.

आकड्यावर विश्वास ठेवू नका. दिवा विझला की लगेच नळ सोडा, पाइपातलं गार जाऊ द्या, स्टीलच्या तांब्यात पाणी घ्या आणि स्वयंपाकाचं थर्मामीटर बुडवा. पाचेक अंश इकडंतिकडं असतंच. दिवा विझतच नसेल तर मात्र थर्मोस्टॅट गेलाय. आणि शेजारी एक छोटं बटण असेल, ते कटआउट. थर्मोस्टॅट चिकटला तर पाणी उकळायच्या आधी तोडायला ते असतं. त्याला हात लावू नका.

विचारे_माळ_रेश्मा
कटआउटवरून सांगते. मागच्या वर्षी आमचा गिझर सारखा मधेच बंद पडायचा. एका मेकॅनिकनं येऊन पाच मिनिटांत चालू करून दिला, दोनशे रुपये घेऊन गेला. नंतर कळलं, त्यानं कटआउटच्या दोन वायरी एकत्र जोडून डायरेक्ट केलेलं. महिन्याभरानं वरच्या व्हॉल्वमधून फस्स आवाज करत उकळतं पाणी उडायला लागलं. मुलगा आत आंघोळीला होता, नशिबानं बादली लांब होती. कुणी डायरेक्ट करून देतो म्हणाला तर त्याला घराबाहेर काढा.

फुलेवाडी_संदीप
बापरे. ताई मुलगा ठीक आहे ना?

विचारे_माळ_रेश्मा
हो, पायावर दोन फोड आले तेवढेच. गिझर बदलला लगेच.

कसबा_बावडा_दीपक
६० सुद्धा कशाला, मी ४५ ला ठेवलाय, गार मिसळायचं कामच नाही. आणि कॉईलवर क्षार चढले की बिल वाढतं ते कुणी बोललंच नाही, बोरचं पाणी असेल तर दर वर्षी कॉईल साफ करायला पाहिजे, तिथंच सगळी वीज जाते.

उद्यमनगर_कॉईलवाला
क्षारांचं सगळेच असं सांगतात पण ते पूर्ण खरं नाही. कॉईल पाण्याच्या आतच बुडालेली आहे, तिची ऊष्णता पाण्याशिवाय जाणार कुठं? थर चढला की पाण्यात उशिरा उतरते, कॉईल स्वतः जास्त तापते, टर्रर्र आवाज येतो आणि शेवटी जळते. खर्च होतो तो नव्या कॉईलचा, युनिटचा फारसा नाही. साफ करा, नक्की करा, पण बिल कमी व्हायची आशा ठेवू नका.

४५ ला टाकीत साधारण सव्वा बादलीच निघते, चौघांच्या घरात प्रत्येकाला थांबायला लागेल.

डॉ_शिवाजीपेठ
४५ बद्दल मी वेगळ्या कारणानं नको म्हणेन. लीजिओनेला म्हणून एक जिवाणू कोमट साठवलेल्या पाण्यात वाढतो, २० ते ४५ अंश त्याला सोयीचं, ६० च्या वर मरतो. पाण्याचे बारीक तुषार श्वासातून आत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो, वयस्कर आणि दम्याच्या लोकांना धोका जास्त. म्हणून काटा ६० च ठेवा आणि बचत टायमरनं करा.

कसबा_बावडा_दीपक
डॉक्टर आम्ही बादलीनंच आंघोळ करतो, शॉवर नाहीच आमच्यात. आणि पाणी रोज बदलतं. तरी धोका?

डॉ_शिवाजीपेठ
बादलीत तुषार कमी, पाणी रोज बदलतं म्हणजे धोका आणखी कमी, हे मान्य. पण शून्य म्हणणार नाही. तुमच्या आई सत्तरीच्या आहेत असं तुम्हीच मागं लिहिलं होतं.

कसबा_बावडा_दीपक
मला अजून पूर्ण पटलेलं नाही, पण आईसाठी आठवड्यातून एक दिवस ६० ला नेतो.

कळंब्याची_मृणाल
दोन आठवड्यांनी लिहितेय. वायरमन बोलावून काटा ६० ला आणला, होता चक्क शेवटापर्यंत फिरवलेला. थर्मामीटरनं ५८ निघालं. सोळा अँपिअरचा बॅटरीवाला टायमर मोठ्या सॉकेटला लावला.

पहिल्या दिवशी चूक झाली. मी सव्वापाच ते सात अशी वेळ लावली, म्हटलं मुलीची आणि माझी दोन्ही निखाऱ्यावर होतील. मुलीची छान झाली. पावणेनऊला मी डोक्यावरून घ्यायला गेले आणि अर्ध्या बादलीनंतर पाणी कोमट. टाकीतून पावणेदोन निघतात आणि आम्ही अडीच मागत होतो, दादांनी आकडा दिला होता, मीच बघितला नाही. दुसऱ्या दिवसापासून सातऐवजी सात चाळीस केलं. मुलीनंतर टाकी एकदा परत भरते, दिवा साडेसातच्या आसपास विझतो, मग टायमर बंद. पावणेनऊपर्यंत पाणी तसंच कडकडीत राहतं, दीड बादली आरामात.

संध्याकाळचा गिझर बंद केलाय. भांडी गार पाण्यानं होतात, पहिले दोन दिवस मावशी कुरकुरल्या. सासूबाईंना गुडघ्याला शेकायला गरम पाणी लागतं ते गॅसवर तांब्याभर तापवते. त्या टाकीपासून सिंकपर्यंत पाइप एवढा लांब आहे की दोन लिटर गार सांडल्यावर गरम यायचं, ते पण वाचलं.

काल परत कागद घेऊन बसलो. सगळे मिळून ८४ मिनिटं. १२० ची ८४. म्हणजे रोज १.२ युनिट कमी, महिन्याला ३६. मीटरवर पण आठवड्याचा फरक बघितला, साडेआठ युनिट कमी. ह्यातली दहा मिनिटं संध्याकाळचं पाणी सोडल्यामुळं आहेत, ती बचत नाही, ती सवय बदलली. बाकीची २६ खरी.

उद्यमनगर_कॉईलवाला
ताई हिशेब एकदम चोख. नवीन गिझर घ्याल तेव्हा स्टारच्या लेबलवर बघा, चोवीस तासांत नुसती गळती किती युनिट होते ते छापलेलं असतं. लोक फक्त स्टार मोजतात, तो आकडा वाचा. पण ह्या गिझरची टाकी गळत नाही तोवर बदलायची घाई नको, आता तुम्ही दिवसातले पावणेचार तासच तो गरम ठेवताय.

शाहूपुरी_सीए
एक राहिलंच. आमच्या सोसायटीत नवीन टीओडी मीटर बसलेत, वेळेप्रमाणं वेगळा दर लावणारे, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ युनिटला सवलत आहे. मग दुपारी चारला टाकी तापवून दुसऱ्या दिवशी सकाळी वापरली तर? टायमर तर आहेच.

उद्यमनगर_कॉईलवाला
चौदा तास थांबवणार म्हणजे ताईंसारख्या जुन्या टाकीत चाळीस टक्के ऊब जाईल, सवलतीपेक्षा ते जास्त महाग. चांगल्या नवीन टाकीत कमी जाईल, तरी मला जमेल असं वाटत नाही. पण मोजल्याशिवाय नाही म्हणणार नाही.

शिरोली_सेकंडशिफ्ट
माझी ड्युटी दुपारी तीनपासून, आंघोळ दोन वाजता. मला तर ही सवलत आयतीच आहे, टीओडी मीटर आलं की टायमर दीडला लावतो. डीबीतलाच, काँटॅक्टरसकट.

शाहूपुरी_सीए
मी ह्या शनिवारी दुपारी चारला तापवून बंद करतो आणि रविवारी सकाळी सहाला तांब्यात थर्मामीटर घालतो. आकडा इथंच टाकतो.